भाडेकरारात नाव कसं लिहावं : कार्डावर आहे तसं, अक्षर न् अक्षर

बेळगावात घर भाड्याने देताना भाडं, डिपॉझिट, पाण्याची वेळ, गाडी कुठे लावायची यावर तासभर बोलणं होतं. नावाचा विषय मात्र टायपिस्टसमोर बसल्यावर निघतो आणि अर्ध्या मिनिटात संपतो. पुढे करार कुठेतरी दाखवायची वेळ येते, तेव्हा खिडकीतला माणूस भाडं किती हे बघत नाही. तो आधी करारावरचं नाव आणि हातातल्या कार्डावरचं नाव शेजारी शेजारी ठेवतो. एका अक्षराचा फरक दिसला तरी कागद परत येतो, कारण दोन्ही नावं एकाच माणसाची आहेत हे ठरवणं त्याचं काम नसतं.

आपल्या सीमाभागात हा फरक पडायला एक खास कारण आहे. इथलं नाव तीन लिप्यांतून फिरतं. घरात ते मराठीत बोललं जातं, सरकारी दप्तरात कन्नडमध्ये नोंदलं जातं आणि कार्डावर इंग्रजी अक्षरांत छापलं जातं. प्रत्येक वळणावर एखादं अक्षर बदलू शकतं. कर्नाटकात ‘त’ हा उच्चार इंग्रजीत th असा लिहायची सवय आहे, म्हणून आपली ज्योती कुठे Jyoti असते तर कुठे Jyothi, आणि मारुती कुठे Maruti तर कुठे Maruthi. लक्ष्मणचं कधी Laxman होतं, कधी Lakshman. चौगुले Chougule, Chougale आणि Chowgule अशा तिन्ही तऱ्हांनी लिहिलेले मी एकाच घरातल्या कागदांवर पाहिले आहेत. शिवाय इकडे नावापुढे वडिलांचं नाव पूर्ण न लिहिता एकच अक्षर देण्याची पद्धतही आहे, त्यामुळे संजय मारुती पाटील हे एका कार्डावर Sanjay M Patil होऊन बसतात. खानापूर, निपाणी, चिकोडीकडे हीच गत आहे.

यात कुणाचं स्पेलिंग चूक असं काही नसतं. माणसाच्या नावाचं बरोबर स्पेलिंग शब्दकोशात सापडत नाही. करारासाठी बरोबर स्पेलिंग तेच, जे त्या माणसाच्या ओळखपत्रावर छापलेलं आहे. म्हणून पहिला नियम असा की करारात नाव ऐकून लिहायचं नाही, कार्ड समोर ठेवून उतरवून घ्यायचं. कार्डावरचं नाव आपल्याला चुकीचं वाटलं तरी करारात ते ‘दुरुस्त’ करायचं नाही. दुरुस्ती करायचीच असेल तर आधी कार्डात करून घ्यावी, मग करारात यावी.

टायपिस्टकडे किंवा बाँड रायटरकडे नेमकं उलट घडतं. तो विचारतो, “नाव सांगा ओ अक्का.” समोरून उत्तर येतं, “ज्योती देसाई.” त्याची बोटं सवयीने Jyothi Desai असं टाइप करतात. त्याचा दोष म्हणता येत नाही, त्याने ऐकलं ते लिहिलं. नाव तोंडी सांगायच्या ऐवजी कार्डाची झेरॉक्स पुढे सरकवली असती तर हा प्रश्न तिथेच मिटला असता.

आता एक उदाहरण शेवटपर्यंत घेऊ. नावं कल्पित आहेत, अडचणी मात्र रोजच्या आहेत.

समजा शहापुरात लक्ष्मीबाई पाटील यांचं घर आहे. वरचा मजला त्या भाड्याने देत आहेत. त्यांच्या आधारवर नाव आहे Laxmibai Maruti Patil, पॅनवर Laxmi Maruti Patil. घरपट्टीची पावती आणि विजेचं बिल अजून त्यांच्या दिवंगत पतीच्या, मारुती यल्लाप्पा पाटील यांच्या नावावर येतं. भाडेकरू आहे ज्योती. माहेर आणि सासर दोन्ही चंदगड तालुक्यातलं, नोकरी बेळगावात. आधारवर लग्नानंतरचं नाव आहे, Jyoti Sagar Desai. पॅन लग्नाआधी काढलेलं, त्यावर Jyoti Ramchandra Gawade. भाडं महिना ९,५०० रुपये, करार ११ महिन्यांचा.

लिहायला बसण्याआधी विचारायचं की हा करार पुढे कुठे कुठे दाखवायचा आहे. ज्योतीला तो दोन ठिकाणी लागणार आहे. एक म्हणजे गृहज्योती योजना. घरगुती विजेच्या या सवलतीसाठी भाडेकरूलाही अर्ज करता येतो, आणि अर्जात मीटरचा आर.आर. नंबर अर्जदाराच्या आधारला जोडला जातो. त्या घरात आपण राहतो याचा पुरावा म्हणून भाडेकरार चालतो. इथे ज्योतीचं आधारवरचं नाव महत्त्वाचं. दुसरी गरज तिच्या ऑफिसातली. जुन्या करपद्धतीत घरभाडे भत्त्याची सूट घ्यायची असेल आणि वर्षाचं भाडं एक लाखाच्या वर जात असेल, तर घरमालकाचा पॅन नंबर द्यावा लागतो. ९,५०० गुणिले १२ म्हणजे १,१४,००० रुपये, म्हणून पॅन लागणारच. इथे ऑफिसात असलेलं ज्योतीचं पॅनवरचं नाव आणि लक्ष्मीबाईंचं पॅनवरचं नाव, दोन्ही महत्त्वाची झाली.

म्हणजे दोघींचीही दोन-दोन नावं करारात असायला हवीत. दोन्ही सगळीकडे सारख्या वजनाने लिहिली तर कागद वाचता येणार नाही. त्यापेक्षा दोघींचंही आधारवरचं नाव मुख्य धरायचं, कारण ते नाव, पत्ता आणि फोटो एकत्र दाखवतं आणि बहुतेक ठिकाणी तेच आधी मागतात. पॅनवरचं नाव पहिल्याच परिच्छेदात एकदा, उघडपणे जोडून द्यायचं. त्यानंतर करारभर मुख्य नाव, किंवा नुसतं ‘घरमालक’ आणि ‘भाडेकरू’.

करार मराठीत असेल तर लक्ष्मीबाईंचा परिच्छेद असा होईल : “लक्ष्मीबाई मारुती पाटील, आधारनुसार नाव Laxmibai Maruti Patil, उर्फ पॅननुसार Laxmi Maruti Patil, ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत, यांना यापुढे ‘घरमालक’ म्हटले आहे.” ज्योतीचा असा : “ज्योती सागर देसाई, आधारनुसार नाव Jyoti Sagar Desai, विवाहापूर्वीचे व पॅननुसार नाव Jyoti Ramchandra Gawade; ही दोन्ही नावे एकाच व्यक्तीची आहेत; यांना यापुढे ‘भाडेकरू’ म्हटले आहे.” दोघींच्या पॅनचे नंबर याच परिच्छेदात येतील. आधारचा पूर्ण नंबर लिहू नये, शेवटचे चार आकडे पुरतात. झेरॉक्स जोडायची असेल तर मास्क्ड आधारची जोडावी, त्यात पहिले आठ आकडे झाकलेले असतात.

करार कन्नडमध्ये किंवा इंग्रजीत होत असेल तरी रचना हीच. कन्नड करारात एक काळजी जास्त घ्यावी लागते. लक्ष्मीबाईंच्या आधारवर कन्नड आणि इंग्रजी अशी दोन रूपं छापलेली आहेत, ती दोन्ही उतरवता येतात. ज्योतीचं आधार महाराष्ट्रातलं, त्यावर मराठी आणि इंग्रजी. तिचं कन्नड रूप कुठल्याच कार्डावर नाही, टायपिस्ट ते तिथल्या तिथे बनवणार. बनवू द्या, पण त्याच्या शेजारी इंग्रजी अक्षरांतलं कार्डावरचं नाव आलंच पाहिजे. दोन राज्यांची कार्डं असताना जुळवून पाहायला तेवढी एकच समान खूण उरते.

‘सौ.’, ‘श्रीमती’, ‘श्री.’ ही नावाआधीची मानाची अक्षरं लिहिली तरी बिघडत नाही, ती नावाचा भाग धरली जात नाहीत. ‘बाई’, ‘राव’, ‘गौडा’, ‘अण्णा’ यांचं तसं नाही. ते कार्डावर नावाला जोडून आलेले असतील तर नावाचाच भाग आहेत, गाळता येत नाहीत. कार्डावर नसतील तर आदर म्हणून करारात घालायचे नाहीत. गल्लीत सगळे ज्यांना बाळूमामा म्हणतात त्यांच्या आधारवर Balkrishna असेल तर करारात बाळकृष्णच येणार. पाव्हण्या-रावळ्यात करार होतो तेव्हा ही चूक हमखास होते, कारण समोरच्याचं कार्ड मागायला संकोच वाटतो. मामा असले तरी कार्ड मागावं.

नात्याचंही एक बघावं. जुन्या आधारवर पत्त्याच्या सुरुवातीला S/O, W/O किंवा D/O असायचं. नव्या आधारवर बहुधा C/O येतं. C/O वरून पती की वडील हे कळत नाही, म्हणून ‘पती’ किंवा ‘वडील’ हे टायपिस्टने अंदाजाने घालायचं नाही, विचारून घालायचं.

आता मला सगळ्यात महत्त्वाची वाटणारी जागा. लोक मजकूर काळजीने वाचतात, पण त्याआधीच एक कागद छापून झालेला असतो, तो म्हणजे ई-स्टँप. त्याच्यावर First Party आणि Second Party अशा ओळी असतात, स्टँपचे पैसे कुणी भरले त्याचंही नाव असतं. ही नावं स्टँप काढतानाच छापली जातात. अर्जाची छोटी चिठ्ठी भरून देणारा बहुतेक वेळा घरमालकाचा मुलगा किंवा एजंट असतो, आणि तो आठवेल तसं ‘Lakshmi Patil’, ‘Jyothi Desai’ लिहून मोकळा होतो. करार कितीही नीट टाइप केला तरी सगळ्यात वरचा कागद मग वेगळं नाव सांगतो, आणि खिडकीतल्या माणसाची नजर आधी तिथेच जाते.

म्हणून कामाचा क्रम बदलावा. आधी दोघींची कार्डं समोर ठेवून नावं एका कागदावर मोठ्या अक्षरांत लिहून घ्यायची. ज्योती आणि लक्ष्मीबाई दोघींनी तो कागद वाचून हो म्हणायचं. मग तोच कागद घेऊन स्टँप काढायला जायचं. आपल्या उदाहरणात First Party म्हणून Laxmibai Maruti Patil आणि Second Party म्हणून Jyoti Sagar Desai एवढंच छापून घ्यायचं, उर्फ वगैरे तिथे नको. स्टँप हातात आला की काउंटरवरून हलायच्या आधी अक्षरं मोजल्यासारखी वाचायची.

छापलेल्या स्टँपवर पेनने अक्षर बदलणं हा उपाय नाही. त्यावरचा मजकूर स्टँप देणाऱ्या यंत्रणेत नोंदलेला असतो आणि तिथे तपासून बघता येतो, त्यामुळे पेनने केलेली दुरुस्ती उलट संशय वाढवते. करार अजून छापलेला नसेल तर नवा स्टँप घ्यावा, ११ महिन्यांच्या घरगुती भाड्याला तो खर्च पुढच्या हेलपाट्यांपेक्षा कमीच पडतो. ते जमत नसेल आणि फरक एखाद्या अक्षराचाच असेल, तर कराराच्या मजकुरात एक वाक्य घालावं : “ई-स्टँपवर Jyothi Desai असे छापले गेलेले नाव भाडेकरू Jyoti Sagar Desai यांचेच आहे.” याने बरीच कामं होतात. पण काही खिडक्या हे वाक्य वाचायलाच तयार नसतात, हेही गृहीत धरावं.

पुढची गाठ घरमालकाची. घरपट्टीवर आणि विजेच्या बिलावर मारुती यल्लाप्पा पाटील हे नाव आहे. पुष्कळ जण बिलाशी नाव जुळावं म्हणून करारात घरमालक म्हणून मारुतीरावांचंच नाव घालतात आणि सही लक्ष्मीबाई करतात. हे अजिबात करू नये. जो माणूस हयात नाही तो करार करू शकत नाही, आणि नाव एकाचं नि सही दुसऱ्याची असा कागद कुठेच टिकत नाही. दुसरं टोक म्हणजे लक्ष्मीबाईंचं नाव घालून मारुतीरावांचा उल्लेखच न करणं. मग बिल आणि करार यांत काही दुवाच राहत नाही.

दुवा एका वाक्याने जोडता येतो : “सदर मिळकतीची घरपट्टी व वीजमीटर, आर.आर. नंबर अमुक, हे घरमालक यांचे दिवंगत पती मारुती यल्लाप्पा पाटील यांच्या नावे असून घरमालक या त्यांच्या पत्नी व वारस या नात्याने ही मिळकत भाड्याने देत आहेत.” मारुतीरावांचं नाव इथे घरपट्टीवर आहे त्याच अक्षरांत यायला हवं. घरपट्टीवर Yallappa आणि विजेच्या बिलावर Yellappa असेल, आणि असं इथे असतंच, तर दोन्ही रूपं लिहावीत. करारासोबत घरपट्टीची पावती आणि मृत्यूचा दाखला यांच्या झेरॉक्स ठेवाव्यात. इतर वारस असतील, मुलगे-मुली, तर त्यांची संमती असल्याचं एक ओळीचं पत्र घेतलेलं बरं, कारण वाटणी होईपर्यंत मिळकत सगळ्यांची असते. खरा उपाय अर्थातच वारसा लावून घेणं हा आहे. शहरात महापालिकेत आणि गावात ग्रामपंचायतीत खात्यावर नाव चढलं की हा परिच्छेदच करारातून जातो.

मुलगा पुण्याला, भाडं त्याच्या खात्यावर, करारात मात्र आईचं नाव, हाही प्रकार घरोघरी आहे. त्याला हरकत नाही, पण तसं करारात लिहावं : घरमालकांच्या सांगण्यावरून भाडं त्यांचा मुलगा अमुक यांच्या खात्यावर जमा होईल. नाहीतर ज्योतीच्या ऑफिसात करारावर एक नाव आणि बँकेच्या उताऱ्यावर भलतंच नाव दिसेल. आईच्या वतीने मुलगा सही करत असेल तर त्याच्याकडे वटमुखत्यारपत्र असायला हवं, आणि करारात “लक्ष्मीबाई मारुती पाटील यांच्यातर्फे मुखत्यार म्हणून” असं त्याचं नाव यायला हवं. मुलाला सरळ घरमालक म्हणून दाखवणं खोटं ठरतं.

सगळं टाइप झालं की तपासणी. नाव एकाच ठिकाणी नसतं. ते स्टँपवर असतं, पहिल्या परिच्छेदात असतं, मध्ये डिपॉझिटच्या कलमात येतं, शेवटी सह्यांच्या खाली येतं. सर्वांत घातक जागा सह्यांखालची. टायपिस्टकडे एक जुनी फाइल असते, तो तीच उघडून नावं बदलतो, आणि शेवटच्या पानावर मागच्या भाडेकरूचं नाव तसंच राहतं. म्हणून छपाईआधी त्याला संगणकावर शोधून बघायला सांगावं. Ctrl+F दाबून आधी ‘Jyoti’ शोधायचं, मग ‘Jyothi’. दुसरं एकदाही सापडता कामा नये. मागच्या भाडेकरूचं नाव माहीत असेल तर तेही शोधून बघावं.

सही मराठीत केली तरी चालते, कन्नडमध्ये केली तरी चालते. सहीचं स्पेलिंग कुणी जुळवत नाही. तिच्या खाली छापलेलं नाव मात्र मुख्य नावाशी तंतोतंत जुळलं पाहिजे.

सह्या झाल्यावर चूक दिसली तर ती किती मोठी आहे ते बघावं. मजकुरातलं एखादं अक्षर असेल तर चुकलेलं नाव एका रेघेने खोडून वर बरोबर नाव लिहावं आणि शेजारी दोघींनी छोटी सही करावी. मूळ अक्षर वाचता येईल असंच खोडायचं, पांढरी शाई लावायची नाही. एकीने परस्पर केलेली दुरुस्ती ही दुरुस्ती नसते. करार एक वर्षाहून जास्त मुदतीचा असेल तर १९०८ च्या नोंदणी कायद्याने त्याची नोंदणी सक्तीची आहे. अशा कागदावरच्या प्रत्येक खाडाखोडीशेजारी करार करणाऱ्यांची सही नसेल, तर उपनिबंधक तो नोंदवून घ्यायला नकार देऊ शकतो.

चूक काही महिन्यांनी लक्षात आली तर छोटा पुरवणी करार करावा. मूळ कराराची तारीख, चुकलेलं नाव, बरोबर नाव आणि बाकी अटी कायम, एवढंच त्यात लागतं. नोटरीपुढचं ‘दोन्ही नावं माझीच’ असं अ‍ॅफिडेव्हिट हाही एक मार्ग आहे, पण ते एकाच बाजूचं म्हणणं असतं. कुठे चालतं, कुठे नाही. पुरवणी करारावर दोघींच्या सह्या असतात, म्हणून तो जास्त भक्कम.

एका गोष्टीची घाई मात्र करू नये. करार आणि आधार जुळत नाहीत म्हणून सेवा केंद्रात जाऊन आधारवरचं नावच बदलून टाकायचं, असा सल्ला सर्रास मिळतो. आधारवरचं नाव आयुष्यात दोनदाच बदलता येतं. ११ महिन्यांच्या कागदासाठी त्यातली एक संधी खर्च करणं परवडणारं नाही. आधार बदललं की बँक, पॅन, रेशन कार्ड अशी नवी रांगही सुरू होते. कागद बदलणं स्वस्त आहे, कार्ड बदलणं महाग. ज्योतीच्या बाबतीत बदलायचं असेल तर पॅन बदलावं, कारण लग्नानंतरचं नाव तिला पुढेही वापरायचं आहे आणि आधारवर ते आधीपासून आहे.

पत्त्याचंही जाता जाता सांगतो. १ नोव्हेंबर २०१४ पासून शहराचं सरकारी नाव बेळगावी झालं. जुन्या कार्डांवर Belgaum आहे, नव्या कागदांवर Belagavi. त्यावरून नाव जुळत नाही असं कुणी म्हणत नाही, पण करारात मिळकतीचा पत्ता Belagavi असा लिहावा आणि भाडेकरूचा मूळ पत्ता कार्डावर आहे तसाच ठेवावा.

११ महिने संपले की नवा करार, नवा स्टँप. तोपर्यंत ज्योतीचं पॅन बदलून झालं असेल तर नव्या करारात तिच्या ‘विवाहापूर्वीचे नाव’ या ओळीची गरज उरणार नाही. लक्ष्मीबाईंचं नाव खात्यावर चढलं असेल तर मारुतीरावांचा परिच्छेद जाईल, मीटर अजून जुन्याच नावावर असेल तर तेवढा उल्लेख राहील. टायपिस्ट मागच्या वर्षीचीच फाइल उघडेल, तेव्हा तिच्यावर न विसंबता चारही कार्डं पुन्हा समोर ठेवायची. जुना करार फेकायचा नाही, कारण मागच्या वर्षाच्या भाड्याच्या पावत्या आणि ऑफिसात दिलेले कागद त्याच नावांनी आहेत.